छापील तक्ता फोनने एक्सेलमध्ये घेताना या चुका टाळा

सोसायटीची कमिटी बदलली की नव्या खजिनदाराच्या हाती बहुधा एक फाइल येते आणि त्यात थकबाकी यादीचे प्रिंटआउट असतात. सॉफ्ट कॉपी कुठे आहे हे विचारलं की जुन्या कॉम्प्युटरचा उल्लेख होतो आणि विषय संपतो. मग ४८ फ्लॅटचा तक्ता टाइप करत बसण्यापेक्षा फोनवरच्या एक्सेलमधलं Data from Picture वापरायचं हे ओघानंच आलं. फोटो काढा, लाल चौकट तक्त्याभोवती बसवा, Capture दाबा, आकडे शीटमध्ये हजर. इथवर काही अडत नाही. अडतं ते नंतर, कारण आलेले आकडे दिसायला अगदी बरोबर दिसतात.

उदाहरणासाठी अशीच यादी घेऊ. A मध्ये फ्लॅट नंबर, B मध्ये नाव, C मागील बाकी, D मेंटेनन्स, E सिंकिंग फंड, F व्याज आणि G एकूण. ओळी 2 ते 49, आणि 50व्या ओळीत छापील बेरजा.

फोटोतच होणाऱ्या चुका

ए-फोर कागदानं पूर्ण फ्रेम भरली तर १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून साधारण ३४० डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला ३४० ठिपक्यांचा, फोटो मिळतो. अक्षरं ओळखायला ३०० पुरेसे असतात. पण टेबलाचा कोपरा, चहाचा कप आणि बाजूची फाइल असं सगळं फ्रेममध्ये घेतलंत आणि कागद फ्रेमच्या निम्म्याच लांबी-रुंदीत राहिला, तर तेच १७० वर येतं. 8 आणि 3 मधला फरक मग दोन-तीन ठिपक्यांचा उरतो. यादी लांबलचक असेल तर एका फोटोचा हट्ट नको. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो घ्या, मधली एक ओळ दोन्हींत येऊ द्या आणि शीटमध्ये आल्यावर दुबार आलेली ती ओळ काढून टाका.

आणखी एक चूक बरेचजण चांगलं समजून करतात. स्कॅनर अ‍ॅपमध्ये कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावतात. पार्श्वभूमीचे डाग जातात हे खरं, पण त्यांच्यासोबत पुसट दशांशचिन्हंही जातात. रंगीत किंवा ग्रे फोटोच ठेवा. कागद पातळ असून मागची छपाई आरपार दिसत असेल तर खाली काळा कागद सरकवा. आणि कोणी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो.

लाल खुणांवर विसंबणं

Capture नंतर एक्सेल काही घरं दाखवून Edit किंवा Ignore विचारतं. ही घरं म्हणजे त्याला स्वतःला शंका आली ती. ज्या आकड्याबद्दल त्याची खात्री आहे पण जो चुकलाय, त्याच्यावर खूण नसतेच. 18,450 चे 13,450 वाचले गेले तर तोही तितकाच धडधाकट आकडा आहे, शंका यायचं कारणच काय? म्हणून खुणा निस्तरल्या म्हणजे तपासणी झाली असं धरू नका. कागद आणि स्क्रीन शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचत जाण्यातही फार दम नाही. विसाव्या ओळीनंतर डोळा जे असायला हवं तेच वाचतो.

दिसतो आकडा, असतो मजकूर

बेरजा तपासण्याआधी हे उरकून घ्या. 0 च्या जागी इंग्रजी O आला, 1 च्या जागी l आला, किंवा 1,25 ,400 असा मधेच स्पेस घुसला, तर ते घर मजकूर बनतं. SUM त्याच्याकडे बघतही नाही आणि एररही देत नाही, बेरीज गुपचूप कमी येते. अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या प्रिंटमध्ये आगाऊ भरलेल्या रकमेपुढे Cr लिहिलेलं असतं, तेही घर मजकूरच राहतं. तिथे Cr काढून उणे चिन्ह द्यावं लागतं. व्याज नाही म्हणून छापलेल्या आडव्या रेघेच्या जागी शून्य टाका. अशी घरं शोधायला रकान्यातली भरलेली घरं आणि त्यातली संख्या असलेली घरं यांची वजाबाकी करा:

```
=COUNTA(C2:C49)-COUNT(C2:C49)
```

उत्तर शून्य नसेल तर तितकी घरं मजकूर आहेत. रकान्याचं अलाइनमेंट बदललेलं नसेल तर ती डावीकडे चिकटलेली दिसतात, कारण संख्या उजवीकडे सरकतात.

छापील बेरीज खोडून सूत्र टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शीट तयार झाली की हात शिवशिवतात आणि G रकान्यात लगेच SUM टाकलं जातं. त्या क्षणी तुमच्याकडचा एकमेव साक्षीदार जातो. छापील एकूण हा कागदावरून स्वतंत्रपणे वाचलेला आकडा आहे, म्हणूनच तो बाकीच्या आकड्यांची चूक पकडू शकतो. सूत्र टाकलंत की चुकीच्या आकड्यांची बेरीजही बरोबरच येणार.

त्याऐवजी पुढच्या H रकान्यात ओळीचा फरक काढा आणि 51व्या ओळीत रकान्याचा. ओळ गळल्यामुळे किंवा दुबार आल्यामुळे छापील बेरजा 50व्या ओळीत नसतील, तर सूत्रांतले ओळींचे नंबर त्याप्रमाणे बदला. पहिलं सूत्र H2 मध्ये लिहून H49 पर्यंत ओढा, दुसरं C51 मध्ये लिहून G51 पर्यंत:

```
=G2-SUM(C2:F2)
=C50-SUM(C2:C49)
```

सगळीकडे शून्य आलं तर उत्तम. नाही आलं तर चूक कुठे आहे हे बहुतेक वेळा फरकच सांगतो. फ्लॅट 304 घेऊ. कागदावर मागील बाकी 18,450, मेंटेनन्स 7,200, सिंकिंग फंड 900, व्याज 1,384, एकूण 27,934. शीटमध्ये H ला फरक आला 5000, आणि खाली C रकान्याचा फरकही 5000. ती ओळ आणि तो रकाना जिथे एकमेकांना छेदतात ते घर म्हणजे 304 ची मागील बाकी. हजाराच्या जागी 5 चा फरक, म्हणजे 8 चा 3 वाचला गेला असणार. कागदावर तेवढंच एक घर बघायचं. एकूणचा आकडाच चुकीचा वाचला असेल तर त्या ओळीसोबत C ते F पैकी कोणताच रकाना न बिघडता G चा फरक येईल.

फरकाची घडण ओळखता आली की काम आणखी सोपं होतं. त्याच फ्लॅटचं व्याज 1384.00 असं छापलंय आणि दशांशचिन्ह हरवून 138400 आलं, तर फरक येईल -137016. त्याला 99 ने भागलं की नेमके 1384 मिळतात. फरकाला 99 ने भाग जाऊन त्या ओळीतलाच एखादा आकडा मिळाला, की टिंब उडालं असं समजा. उलट स्वल्पविरामाचं टिंब झालं, 7,200 चं 7.2 झालं, तर फरक 7192.8 असा पैशांसकट येतो. पूर्ण रुपयांच्या यादीत पैसे उगवले की तिकडेच बघा.

रिकाम्या घरांचा घोळ वेगळा असतो. प्रिंटवर उभ्या रेघा नसतील आणि कुणाला व्याज नसेल, तर पुढचा एकूण डावीकडे सरकून व्याजाच्या रकान्यात जाऊन बसतो आणि G रिकामा राहतो. अशा ओळीचा फरक खऱ्या एकूणच्या बरोबर दुप्पट, उणे चिन्हासकट येतो. 8,100 च्या ओळीत -16200 दिसला तर आकडे दुरुस्त करू नका, घरं उजवीकडे सरकवा.

ओळींचे फरक सगळे शून्य आणि रकान्यांचे मात्र सगळे चुकलेले, असंही होतं. C ला 6300, D ला 7200, E ला 900, F ला 472, G ला 14872. इथे एकही आकडा चुकीचा वाचलेला नाही, एक अख्खी ओळ गळली आहे, आणि फरकांच्या रूपात ती ओळच तुमच्यासमोर आहे. कागदावर 14,872 शोधा आणि ती घाला. हेच आकडे उणे आले तर एखादी ओळ दोनदा आली, बहुधा दोन फोटोंच्या सांध्यावरची.

एखाद्या ओळीत एका रुपयाचा फरक राहिला तर घाईनं तो मिटवू नका. सॉफ्टवेअरनं व्याज आतून पैशांत काढून छापताना पूर्ण रुपयात दाखवलेलं असू शकतं. कागदावरही तोच फरक असेल तर शीटमध्ये तो तसाच ठेवायचा. आपण कागद उतरवून घेतोय, त्याचं ऑडिट करत नाही.

ज्या रकान्यांना बेरीज नाही

फ्लॅट नंबर आणि नावं या जाळ्यातून सुटतात. 301 चा 307 झाला तर कुठलीच बेरीज बिघडत नाही, फक्त नोटीस भलत्याच दारावर लागते. फ्लॅट नंबरांसाठी इमारतीची ठरलेली यादी शेजारी टाइप करून जुळवा. किमान दुबार नंबर तरी शोधा, दोनदा आलेला नंबर 1 पेक्षा मोठं उत्तर देईल:

```
=COUNTIF(A$2:A$49,A2)
```

विंग आणि फ्लॅट 2-11 असे लिहिले असतील तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. मग घाबरून रकाना Text केला की 45963 सारखा आकडा दिसतो, कारण आत तारखेचा क्रमांक साठवलेला असतो. तिथे फॉरमॅट बदलून काही होत नाही. आधी रकाना Text करा आणि मग नंबर पुन्हा टाइप करा. नाव दोन ओळींत छापलं असेल तर दुसरी ओळ वेगळी रो बनून येते, तिच्यात आकडे रिकामे असतात म्हणून ती पटकन दिसते.

तक्ता मराठी अंकांत असेल तर

ग्रामपंचायतीच्या कराची यादी किंवा जुन्या पतसंस्थेचा खातेउतारा देवनागरी अंकांत असतो. Data from Picture लॅटिन लिपीतल्या भाषांसाठी आहे, त्याच्याकडून इथे अपेक्षा ठेवू नका. गूगल लेन्सला मराठी वाचता येतं, पण ते मजकूर देतं, रकाने नाही. म्हणून एकेक उभा रकाना निवडून कॉपी करा आणि शीटमध्ये पेस्ट करा, अख्खा तक्ता एकदम घेऊ नका. रकान्यात किती ओळी उतरल्या हे दर वेळी मोजा, नाहीतर एक रकाना एका ओळीनं वर सरकतो आणि पुढचं सगळं बिनसतं. त्यानंतर फाइंड-रिप्लेसनं ० ते ९ हे दहाही अंक एकेक करून इंग्रजी करा. मग वरचीच दोन सूत्रं चालतात, फक्त फरकांची ओळख बदलते. इथे सर्वात जास्त गल्लत १ आणि ९ मध्ये होते, त्यामुळे 8, 80, 800 असे फरक आले की आधी तेच दोन अंक तपासा.