तेल-तूप घेताना या चुका टाळा: पंधरा लिटरचा डबा पंधरा किलोचा नसतो

फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली त्या पहिल्याच दिवाळीत माझा हिशोब चुकला. चकली आणि शेवेसाठी पंधरा किलो तेल धरलं होतं. डबा आणला, तळण सुरू झालं, आणि शेवटच्या दिवशी तेल कमी पडलं. आधी वाटलं, आपलंच माप चुकलं असेल. मग रिकामा डबा उजेडात नेऊन वाचला, तर त्यावर १५ लिटर लिहिलेलं होतं. बाजारात १५ लिटरचे आणि १५ किलोचे असे दोन्ही डबे मिळतात आणि शेजारी ठेवले तर पटकन वेगळे ओळखू येत नाहीत.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, कुठलंही घ्या, एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं. जवळजवळ दीड पाकीट तेल तिथेच कमी.

आता भाव लावून बघा. समजा १५ लिटरचा डबा २२५० रुपयांना आहे आणि १५ किलोचा २४०० रुपयांना. पहिला दीडशे रुपयांनी स्वस्त दिसतो. पण २२५० ला १३.६५ ने भागलं की किलोला साधारण १६५ रुपये पडतात आणि दुसरा डबा किलोला १६० रुपयांनीच पडतो. जो महाग दिसला तोच स्वस्त. तुपाचंही तसंच. एक लिटर तूप म्हणजे साधारण ९०५ ते ९१० ग्रॅम, त्यामुळे लिटरची बाटली आणि किलोचा डबा यांच्या किमती नुसत्या शेजारी ठेवून तुलना होत नाही.

पाकीट एक लिटरचंच असेल असं धरून चालणे

पूर्वी तेलाची पाकिटं ठरावीक मापातच विकावी लागत. २०२२ मध्ये ती अट गेली. तेव्हापासून एक लिटरच्या पाकिटाशेजारी ८५० ग्रॅम, ८४० ग्रॅम, कधी त्याहूनही कमी वजनाची पाकिटं दिसतात, आकाराने तितकीच गुबगुबीत. यात बेकायदेशीर काही नाही, कारण वजन छापलेलं असतं. चूक आपली होते, कारण आपण सवयीने पाकीट उचलतो आणि फक्त किंमत बघतो.

८५० ग्रॅमचं पाकीट १४० रुपयांना आणि एक लिटरचं १४६ रुपयांना असेल, तर सहा रुपये वाचवायला पहिलं घेतलं जातं. किलोचा भाव काढा: पहिल्याचा साधारण १६५, दुसऱ्याचा १६०. म्हणून माझा नियम एकच आहे. लिटर वाचायचंच नाही, ग्रॅम वाचायचे. लिटरच्या पाकिटावरही ग्रॅममधलं वजन दिलेलं असतं. काही कंपन्या पूर्वी लिटरच्या मापासोबत तापमान लिहीत. तेल तापलं की पसरतं, त्यामुळे साठ अंशांना मोजलेल्या एका लिटरमध्ये तेल कमी बसतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांना तापमान काढून टाकायला आणि मापासोबत वजनही द्यायला सांगितलं, ते याचसाठी. वजन तापमानाने बदलत नाही.

पाकिटावर हल्ली एककाचा भावही छापलेला असतो. त्यात दोन अडचणी आहेत. एका पाकिटावर तो ग्रॅमला असतो, दुसऱ्यावर मिलीला, आणि मिलीचा आकडा नेहमीच लहान दिसतो. मिलीचा भाव ०.९१ ने भागा, मग तो ग्रॅमशी ताडून बघा. दुसरं म्हणजे तो भाव छापील कमाल किमतीवरून काढलेला असतो. दुकानदार सूट देत असेल तर प्रत्यक्ष देणार ती रक्कम घेऊनच हिशोब करावा लागतो. मोबाइलवर रक्कम भागिले ग्रॅम, गुणिले हजार, एवढंच.

पुढचं चित्र बघून घेणे, नाव न वाचणे

पाकिटाच्या पुढच्या बाजूला शेंगांचं चित्र असलं म्हणजे आत शेंगदाणा तेलच आहे असं नाही. बारीक अक्षरात ‘ब्लेंडेड एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ किंवा नव्या नावाने ‘मल्टी सोर्स एडिबल ऑइल’ असं लिहिलेलं असेल, तर ते दोन तेलांचं मिश्रण आहे. मिश्रण करणं कायदेशीर आहे, आणि त्यातलं प्रत्येक तेल किमान वीस टक्के असावं लागतं. याचा उलटा अर्थ लक्षात घ्या: चित्रातलं तेल वीस टक्के आणि उरलेलं ऐंशी टक्के स्वस्त तेल, हेही नियमात बसतं. टक्केवारी छापलेली असते. ती वाचून पटली तर खुशाल घ्या, मात्र शेंगदाणा तेलाचा भाव देऊ नका. ‘कोलेस्टेरॉल नाही’ या ओळीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नावालाच असतं, मग कंपनी कुठलीही असो.

तुपाच्या बाबतीत ही चूक जास्त धोक्याची आहे. किराणा दुकानात तुपाच्या बरण्यांजवळच ‘पूजेचं तूप’ किंवा ‘दिव्याचं तूप’ ठेवलेलं असतं. गाईचं चित्र तेच, रंग तोच, भाव निम्म्याहून कमी. मागे कुठेतरी बारीक लिहिलेलं असतं की हे खाण्यासाठी नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक. दिव्याचा माल अन्न नसल्यामुळे त्यावर ते नसतात. खऱ्या तुपाच्या बरणीवर पदार्थाचं नाव ‘घी’ किंवा ‘तूप’ असं स्वच्छ असतं आणि घटकांमध्ये दुधाच्या फॅटखेरीज काही नसतं. ‘कुकिंग मीडियम’, ‘वनस्पती’, ‘फ्लेवर’ यातला एखादा शब्द दिसला तर ते तूप नव्हे.

परवाना क्रमांक foscos.fssai.gov.in वर टाकून बघता येतो. नुसता क्रमांक सापडला म्हणून समाधान मानू नका. तिथे दिसणारं नाव आणि पत्ता बरणीवरच्या नाव-पत्त्याशी जुळतो का ते पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणं अवघड नसतं. आणि क्रमांक खरा निघाला तरी त्याचा अर्थ इतकाच की धंद्याची नोंद आहे. त्या बरणीतलं तूप शुद्ध असल्याचा तो पुरावा होत नाही.

घरच्या चाचण्यांवर नको तितका विश्वास

तळहातावर तूप विरघळलं म्हणजे शुद्ध, हे मी स्वतः किती वर्षं मानत होते. तळहाताच्या उबेने पामतेलही विरघळतं. रवाळ तूप म्हणजे असली, हेही खरं नाही. तूप सावकाश थंड झालं की मोठा रवा पडतो, फ्रीजमध्ये झटकन थंड केलं की तेच तूप लोण्यासारखं गुळगुळीत होतं. रंगाचं तर सोडूनच द्या. गाईच्या दुधात कॅरोटीन उतरतं म्हणून तिचं तूप पिवळं, म्हशीच्या दुधात ते जवळजवळ नसतं म्हणून तिचं पांढरट.

बरणीत खाली घट्ट रवा आणि वर पातळ थर दिसला की गिऱ्हाईक हमखास फोन करतं, ‘ताई, यात तेल आहे का?’ तुपात वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे फॅट असतात. पंचवीस-तीस अंशांच्या हवेत त्यातले काही गोठतात, काही पातळ राहतात. थर दिसणं म्हणजे भेसळ नव्हे, आणि थर न दिसणं म्हणजे शुद्धताही नव्हे.

आयोडीनची चाचणी मात्र खरी आहे, फक्त ती काय सांगते ते कळलं पाहिजे. काचेच्या वाटीत अर्धा चमचा तूप घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर उकडलेला बटाटा, रताळं असं काही पिठूळ कालवलेलं आहे. निळा रंग आला नाही तर एवढंच कळतं की पिठूळ काही नाही. पामतेल किंवा वनस्पती मिसळली असेल तर आयोडीनला त्याचा पत्ताच लागत नाही.

वनस्पतीसाठी साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी सांगतात, लाल रंग येतो ती. ती वनस्पती शोधत नाही, वनस्पतीत खूण म्हणून घातलेलं तिळाचं तेल शोधते. ते तेल नसलेला दुसरा कुठलाही फॅट मिसळला की चाचणी गप्प बसते. शिवाय तीव्र आम्ल स्वयंपाकघरात आणूच नये. प्रयोगशाळेत बीटा-सिटोस्टेरॉल तपासतात. हा पदार्थ वनस्पतींच्या तेलात असतो, शुद्ध तुपात तो सापडायला नको. हे घरी होत नाही.

परवडणारच नाही असा भाव खरा मानणे

म्हणून माझी भिस्त चाचणीपेक्षा हिशोबावर जास्त आहे. बटरमध्ये साधारण ऐंशी टक्के फॅट असतं, म्हणजे एक किलो तुपाला सव्वा किलो बटर लागतं. ५०० ग्रॅम बटर २८० रुपयांना असेल तर सव्वा किलोचे ७०० रुपये होतात. डेअरीला स्वतःचा फॅट आपल्यापेक्षा स्वस्त पडतो, त्यामुळे तूप यापेक्षा थोडं खाली मिळू शकतं. पण कुणी साडेतीनशे रुपये किलोने ‘शुद्ध गावरान तूप’ देत असेल, तर दुधाचा फॅट त्या भावात बसतच नाही.

लाकडी घाण्याच्या तेलालाही हीच फूटपट्टी लावा. घाण्यावर शेंगदाण्यातून साधारण चाळीस टक्के तेल निघतं, म्हणजे किलोभर तेलाला अडीच किलो दाणे. दाणे १२० रुपये किलो धरले तर ३०० रुपये झाले. उरलेल्या दीडेक किलो पेंडीचे चाळीसच्या भावाने साठ रुपये वजा केले तर २४० रुपये राहतात, आणि यात घाण्याची मजुरी, वीज, बाटली काहीच धरलेलं नाही. लिटरमध्ये सांगायचं तर साधारण २१८ रुपये हा नुसता कच्च्या मालाचा खर्च. दाण्यांचा भाव असा असताना १८० रुपये लिटरने घाण्याचं तेल मिळत असेल तर दाण्यांबरोबर आणखी काहीतरी आत गेलंय. शंका असेल तर स्वतःचे दाणे घेऊन जा, कुबट वासाचे आणि बुरशी धरलेले निवडून टाका, वजन करा आणि तेल निघेपर्यंत तिथे बसा. बाटलीच्या तळाशी बसणारा गाळ पाहून घाबरू नका. न गाळलेल्या तेलात तो येतोच.

शंका आल्यावर बरणी फोडून बसणे

एकदा एका विक्रेत्याकडून आणलेल्या तुपाचा मला संशय आला, आणि मी सगळी बरणी घरातच हुंगण्यात आणि कढवण्यात संपवली. तक्रार करायला हातात काही उरलंच नाही. आता मी बिल ठेवते आणि त्याच बॅचची एक बरणी सीलबंद ठेवते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. अट एवढीच की तपासणी करून घेणार असल्याचं विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. अहवालात माल नियमात बसत नाही असं आलं तर भरलेलं शुल्क परत मिळतं.