घरपोच किराणा: किमान ऑर्डर किती ठेवावी?

पोराचा पगार, पेट्रोल आणि गाडीची देखभाल मिळून आमच्या दुकानाला महिन्याला १२,००० रुपये लागतात. फेऱ्या साधारण ४००, म्हणजे एक फेरी ३० रुपयांना पडते. किराण्यात सरासरी १० टक्के सुटतात असं धरलं, तर ३०० रुपयांच्या ऑर्डरचा सगळा नफा फेरीतच जातो. म्हणून ५०० रुपयांवर घरपोच मोफत, त्याखाली २० रुपये, असं ठरवलं. आता २५० च्या ऑर्डरवरही २५ अधिक २० वजा ३०, असे १५ रुपये उरतात.

तरी गल्ल्यात फरक दिसेना. बिलं चाळली तेव्हा कारण कळलं: पाच लिटर तेल आणि पाच किलो साखर, बिल ९०० च्या आसपास, पण त्यात सुटतात जेमतेम १८ रुपये. मोठं बिल, तरी फेरीत १२ रुपये तोटा! मग तेल-साखर ५०० च्या हिशोबातून वगळली. "काकू, तेल-साखर सोडून साडेतीनशे झाले, अजून दीडशेचा मसाला-साबण जोडलात की डिलिव्हरी फ्री," असं फोनवरच सांगतो. बहुतेक जण जोडतात. शेजारच्या सोसायटीतल्या आजी-आजोबांना मात्र सूट ठेवली आहे. तिथे पोरगा चालत जातो, पेट्रोल लागत नाही.