एका खोलीच्या घराचं पहिलं क्वांटिटी शीट: लांबी चुकली की सगळं चुकतं

क्वांटिटी शीट म्हणजे बांधकामात कोणतं काम किती आहे याच्या मोजमापाचा तक्ता. उदाहरण घेऊ. खोली आतून ४.०० × ३.०० मीटर, भिंत ०.३० मीटर जाड, उंची ३.०० मीटर. पायाच्या खोदकामाची रुंदी आणि खोली दोन्ही ०.९० मीटर. प्लॅन आणि सेक्शन समोर ठेवा आणि कामं खालून वर या क्रमाने शीटवर उतरवा.

आधी सेंटर लाइन, म्हणजे भिंतीच्या जाडीच्या मधोमध जाणारी रेषा, काढा. लांब भिंतीची ४.३०, आखूड भिंतीची ३.३०. आता लाँग वॉल–शॉर्ट वॉल पद्धतीत त्या थराची पूर्ण रुंदी लांब भिंतीत मिळवायची आणि आखूड भिंतीतून वजा करायची. खोदकामाला लांब ५.२०, आखूड २.४०. वीटकामाला लांब ४.६०, आखूड ३.००. म्हणजे वर जाताना लांब भिंत आखूड होत जाते आणि आखूड भिंत लांब होत जाते. मी इथेच अडकलो होतो. वीटकामाला लांब भिंत ४.६० केली, पण आखूड भिंत खोदकामातल्या २.४० वरच ठेवली. एकूण लांबी १४.०० आली, यायला हवी होती १५.२०. तेवढ्याने १.०८ घनमीटर वीटकाम गायब झालं, म्हणजे मॉड्युलर विटांच्या हिशेबात सुमारे ५४० विटा.

‘सूत्र पाठ करा’ हा सल्ला इथे कामाचा नाही. प्रत्येक थराला दोन लांब आणि दोन आखूड भिंतींची बेरीज करून पाहा. चार भिंतींची खोली असेल आणि पायाच्या थरांच्या पायऱ्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारख्या सुटत असतील, तर ती प्रत्येक थरात १५.२० च येते. नाही आली तर पुढे जाऊ नका. मध्ये आडभिंत आली तर मात्र ही सोय संपते: तिची सेंटर लाइन लांबी बेरजेत मिळवा आणि ती जिथे बाहेरच्या भिंतीला मिळते त्या प्रत्येक जोडाला त्या थराची अर्धी रुंदी वजा करा. त्यामुळे एकूण लांबी थरागणिक बदलते.

खोदकाम: १५.२० × ०.९० × ०.९० = १२.३१ घनमीटर. काँक्रीट आणि जोत्यापर्यंतचे थर याच पद्धतीने.

जोत्यावरचं वीटकाम १५.२० × ०.३० × ३.०० = १३.६८. यातून भिंतीची ०.३० जाडी धरून दार (१.०० × २.१०) ०.६३ आणि खिडकी (१.२० × १.२०) ०.४३ वजा करा. दार-खिडकीवरची आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, वजा करायला विसरू नका, आणि त्याची लांबी उघड्या जागेइतकीच धरू नका. दोन्हीकडे भिंतीवर टेकणारं ०.१५ बेअरिंग धरून १.३० आणि १.५० मीटर होतात, ०.१५ जाडीने ०.१३ घनमीटर. निव्वळ वीटकाम १२.४९.

प्लास्टरला मात्र वेगळा नियम लागतो. मोजमापाच्या भारतीय मानक आयएस १२०० प्रमाणे ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघड्या जागेची वजावट एकाच बाजूने होते आणि बाजूचे जांब, म्हणजे उघड्या जागेच्या आतल्या कडा, मोजायचे नाहीत. आपलं दार २.१० आणि खिडकी १.४४ चौरस मीटर, म्हणून दोन्ही बाजूंचं प्लास्टर एकाच प्रकारचं असेल तर फक्त ३.५४ वजा करा, दुप्पट नाही.