टोप कोल्ड रूममध्ये गेला म्हणजे रस्सा थंड झाला असं नाही

हॉटेल मॅनेजमेंट संपवून मी पुण्याजवळच्या एका केटरिंग किचनमध्ये ट्रेनी म्हणून लागले, तेव्हाची गोष्ट. रात्री साडेदहाला एका लग्नाची ऑर्डर गेली आणि अठरा लिटर तांबडा रस्सा उरला. मटण त्यातच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच स्टाफला द्यायचा होता. मी टोपावर झाकण ठेवलं, दोघांनी मिळून तो कोल्ड रूममध्ये नेला, दार लावलं आणि अकराच्या सुमारास घरी गेले. बाहेर काहीच ठेवलं नाही, याचं समाधान होतं.

सकाळी सहाला मामांनी हाक मारली. मामा म्हणजे आमच्या किचनमधले सगळ्यात जुने आचारी, मूळचे कोल्हापूरचे. त्यांनी झाकण काढलं. वर लाल कट थिजून त्याची साय झाली होती. टोप बाहेरून गार लागत होता. "थंड झालाय की," मी म्हटलं. त्यांनी प्रोब थर्मामीटर मधोमध तळापर्यंत खुपसला आणि माझ्यापुढे धरला. ३२ अंश. कोल्ड रूम ४ अंशांवर, सात तास उलटलेले आणि मधला रस्सा अजून कोमट.

"आता उकळून घेऊ ना?" मी विचारलं.

"सात तास ऊब दिलीस त्याला. उकळून ती ऊब परत येते होय?" मामा म्हणाले आणि टोप ओतायला लावला. मटणाचा हिशोब डोक्यात घोळत होता, त्यामुळे त्या वेळी ते फार जिव्हारी लागलं.

ते का ओतलं, हे पुढे नीट कळलं. मटण शिजवताना जिवंत जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळीतही टिकतात. मटण-चिकनच्या मोठ्या टोपातला नेहमीचा संशयित म्हणजे क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. रस्सा गरम असेपर्यंत हे बीजाणू गप्प असतात. उतरता उतरता तो पन्नासच्या खाली आला की जागे होतात आणि साधारण ४३ ते ४७ अंशांत सगळ्यात जोरात वाढतात. सगळं मनासारखं मिळालं तर दर दहा मिनिटांनी दुप्पट. दोन तासांत एकाचे चार हजार होतात, म्हणजे सात तास काय करतात ते तुम्हीच बघा. शिवाय या जंतूला हवा नको असते. जाड वाटणाच्या रश्श्यात, मटणाच्या थराखाली, वरून कटाचं झाकण, अशी जागा त्याला मुद्दाम करून दिल्यासारखीच. असं जेवण पोटात गेलं की सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात. ताप सहसा नसतो, उलट्याही फारशा नसतात, त्यामुळे लोक "तिखट बाधलं" म्हणून सोडून देतात.

मग उकळून का चालत नाही? हे जागे झालेले जंतू खळखळ उकळीत मरतात, हे खरं. पण कोमट टोपात ते एकटेच वाढत नसतात. जेवण वाढताना कुणाच्या हातून डावावर, डावावरून रश्श्यात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आलेला असेल, तर त्याने सोडलेलं विष उकळूनही जात नाही. कोणता जंतू आत आहे हे किचनमध्ये बसून कळत नाही. वासावरूनही नाही. त्या टोपाला अगदी चांगला वास येत होता.

माझी पहिली चूक म्हणजे मी टोपाकडे बाहेरून बघत होते. उष्णता बाहेर जायची तर ती आधी मधून कडेपर्यंत यायला हवी. पातळ पांढरा रस्सा स्वतःच थोडा फिरतो, पण खोबरं-तीळ-कांद्याचं वाटण घातलेला तांबडा रस्सा तसा फिरत नाही. थराची जाडी दुप्पट झाली की थंड व्हायचा वेळ दुप्पट न होता जवळजवळ चौपट होतो. वरचा कट वाफ अडवतो, वाफेबरोबर जाणारी उष्णताही आत राहते. त्यावर मी झाकण ठेवलं होतं, म्हणजे गोधडीवर गोधडी.

आमच्याकडे भिंतीवर लावलेला नियम अमेरिकेच्या फूड कोडमधला आहे: ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. पहिल्या टप्प्याला कमी वेळ का, ते वरच्या ४३-४७ वरून लक्षात येईल. तिथूनच घाईघाईने खाली उतरायचं असतं. पहिला टप्पा चुकला आणि दोन तास अजून उलटले नसतील, तर रस्सा पुन्हा ७४ च्या वर नेऊन परत सुरुवात करता येते. दोन तास उलटून गेले की ओतायचा.

पुढच्या वेळी तेवढाच रस्सा उरला तेव्हा मामांनी माझ्याकडूनच सगळं करून घेतलं. आधी झाऱ्याने मटणाचे तुकडे काढून दोन उथळ ट्रेमध्ये एका थरात पसरले. नळीचे मोठे तुकडे मधल्या जागेत एकमेकांवर चढू दिले नाहीत, कारण हाडाजवळचं मांस सगळ्यात शेवटी गार होतं. मग डावाने वरचा कट वेगळ्या भांड्यात काढला. उरलेला रस्सा चार पातेल्यांत वाटला, प्रत्येकी साडेचार लिटरांहून थोडा कमीच. तेव्हा प्रोब ८४ दाखवत होता.

मी थेट बर्फाकडे धावले तर मामांनी अडवलं. "नळाला पाणी आहे ना? मग बर्फ कशाला जाळतेस?" पातेली सिंकमध्ये ठेवली आणि बाहेर रश्श्याच्या पातळीपर्यंत नळाचं पाणी. एप्रिल होता, टाकीतलं पाणी तीसच्या आसपास, तरी ८४ च्या मानाने ते गारच. रस्सा डावाने तळापासून ढवळत राहायचा आणि बाहेरचं पाणी गरम झालं की बदलायचं. वीस मिनिटांत ४५ आला. आता बर्फ. नुसता बर्फ भरायचा नाही, त्यात पाणी हवं. खड्यांमध्ये हवा राहिली तर पातेल्याला थंडावा नीट लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत १९ अंश. सगळ्यासाठी सहा किलोच्या आसपास बर्फ लागला. ८४ पासूनच बर्फात ठेवलं असतं तर दुपटीहून जास्त गेला असता. बाजारातून आलेला बर्फ कोणत्या पाण्याचा असतो माहीत नसतं, म्हणून त्याचा एकही खडा आत पडू द्यायचा नाही आणि ढवळताना बाहेरचं पाणी आत उडू द्यायचं नाही.

मग रस्सा दोन-अडीच इंच खोल ट्रेमध्ये ओतून, झाकण न लावता कोल्ड रूमच्या वरच्या रॅकवर ठेवला, म्हणजे वरून काही ठिबकायला नको. दर तासाला प्रोब मधोमध घालून नोंद केली. ५ अंश झाल्यावर झाकण लावलं. प्रोबबद्दल एक सांगते: बर्फाच्या पाण्यात धरला की तो शून्य दाखवायला हवा, नाहीतर सगळ्या नोंदी व्यर्थ. आणि एका ट्रेमधून दुसऱ्यात घालण्याआधी तो पुसून घ्या.

हे सगळं अठरा लिटरांचं झालं. तुम्ही पीजीत किंवा नोकरीच्या गावी रविवारी एक किलो मटणाचा दोन लिटर रस्सा करत असाल तर ते यापेक्षा फारच सोपं आहे. कुकरमध्ये शिजवलं असेल तर कुकरमधून काढा, जाड बुडाचा बंद कुकर तासन्‌तास गरम राहतो. बेसिनमध्ये किंवा परातीत नळाचं पाणी घ्या, त्यात स्टीलचं पातेलं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं ढवळा, मग पाणी बदलून फ्रीजमधले तीन ट्रे बर्फ टाका. थर्मामीटर नसेल तर नीट ढवळून पातेल्याच्या बाजूला मनगट लावा. कोमटसुद्धा लागत नसेल तर झालं. दोन-तीन उथळ स्टीलच्या डब्यांत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवताना डब्यांभोवती हवा फिरेल अशी जागा सोडा.

आमच्या घरी दोन पक्ष होते. आई म्हणायची गरम ठेवलं की फ्रीज बिघडतो, म्हणून रस्सा रात्रभर ओट्यावर. बाबा उकळता टोप थेट आत ठेवायचे आणि शेजारचं दूध नासायचं. बाहेर राहायची मर्यादा शिजल्यापासून दोन तास, आणि मे महिन्यात खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. डबे थोडे कोमट राहिले तरी चालेल, पण वेळ ओलांडू नका.

किती दिवस? अमेरिकेचं कृषी खातं शिजवलेल्या उरल्यासुरल्याला फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस देतं, ब्रिटनमध्ये दोनच दिवस सांगतात. मी तीनवर थांबते, तेही फ्रीज खरोखर ५ अंशांवर असेल तरच. रविवारी शिजवलं तर बुधवारी शेवटचं. तुमचा फ्रीज किती गार आहे ते बघायचं तर पाण्याचा पेला रात्रभर मधल्या खणात ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या त्यात थर्मामीटर बुडवा. माझ्या भाड्याच्या खोलीतला जुना फ्रीज ९ दाखवायचा, तिथे मी दुसऱ्या दिवशी संपवायचे. लाईट गेली तर दार बंद ठेवा, साधारण चार तास निभावतं. त्याहून जास्त गेली तर रस्सा गेला.

मधे एकदा उकळलं म्हणून दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे नाहीत. पहिल्यांदा शिजला तोच दिवस धरायचा. सगळा डबा गरम करून उरलेला परत आत ठेवू नका, लागेल तेवढाच वाटीभर काढून गरम करा, ७४ च्या वर, म्हणजे मधूनही खळखळ उकळी आणि तुकडा फोडल्यावर आतून वाफ. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मध्ये गार राहतो, म्हणून अर्ध्यात थांबवून ढवळा. बुधवारपर्यंत संपणार नाही असं रविवारीच वाटत असेल तर त्याच दिवशी पिशवीत चपटा भरून फ्रीजरला टाका. फ्रीजरमध्ये तो खराब होत नाही, पण दोन-तीन महिन्यांनी चव उतरते. खायच्या आदल्या रात्री खालच्या खणात काढून ठेवा, ओट्यावर नको.

डब्यावर मास्किंग टेप लावून मार्करने तारीख आणि वेळ लिहायची सवय मला त्या ओतलेल्या टोपाने लावली. मामा अजून माझ्या टेपकडे बघतात आणि वेळ लिहिली नसेल तर डबा उघडतसुद्धा नाहीत, तसाच माझ्यापुढे आणून ठेवतात.