पुण्यात बर्फ नाही, मग कूलंट कशाला?

कूलंटच्या टाकीत तांबूस, गढूळ पाणी दिसलं की समजायचं, कुणीतरी बोअरचं पाणी भरत आलंय. पुण्यात गोठायची भीती नाही. पण नुसत्या पाण्याने ब्लॉक गंजतो, क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि खंबाटकी घाटात तापमानाचा काटा चढतो. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे मिश्रण उशिरा उकळतं, त्यातली रसायनं गंज रोखतात. निव्वळ ग्लायकॉलही नको, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

माझ्या गाडीत एकूण ५ लिटर मावतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सगळं काढलं, निवळ येईपर्यंत धुतलं, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. तरी ब्लॉकमध्ये पाणी उरतंच. म्हणून आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओतलं, मग डिस्टिल्ड वॉटरने भरलं. तयार मिश्रण असं ओतलं असतं तर ते पातळ झालं असतं.