पहिल्या नगाच्या वेळेवरून सोळा नगांची मुदत आणि खर्च कसा काढावा

एका फॅब्रिकेशन वर्कशॉपला मशीनखाली बसवायच्या सोळा सारख्या फ्रेमची ऑर्डर आली आहे असे धरू. पहिली फ्रेम तयार झाली. प्लेटांच्या कडा आणि भोके करायला सीएनसी मशीनवर 20 तास गेले. नंतर फिटर आणि वेल्डर या जोडीचे जुळणी, टॅकिंग, वेल्डिंग आणि ग्राइंडिंग यांत मिळून 40 मनुष्यतास गेले. बहुतेक ठिकाणी हेच आकडे सोळाने गुणून कोटेशन दिले जाते: हातकामाचे 640 तास, जोडी दिवसाला 16 तास भरते, म्हणजे 40 दिवस.

पण सोळावी फ्रेम करताना त्याच जोडीला 40 तास लागत नाहीत. कोणती प्लेट आधी उभी करायची, कुठल्या बाजूने वेल्ड मारला तर फ्रेम वाकत नाही, हे तोवर हाताला माहीत झालेले असते. अमेरिकेतल्या थिओडोर राइट यांनी विमाननिर्मितीचे आकडे तपासून 1936 साली या घटीला नियम दिला. एकूण नग दुप्पट झाले की मजुरीचे तास ठरावीक टक्क्याने उतरतात. त्यांच्या विमानांसाठी ही उतरण्याची पायरी सुमारे 20 टक्क्यांची होती, म्हणून त्याला 80 टक्क्यांचा लर्निंग कर्व्ह म्हणतात. घट दर नगाला नाही, दर दुपटीला होते, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना जेवढे टक्के वाचतात, तेवढेच पुन्हा वाचायला आठव्यापासून थेट सोळाव्यापर्यंत जावे लागते.

आधी तासांची फाळणी करा. पहिल्या नगाच्या वेळेतून एकदाच होणारी कामे बाजूला काढा: जिग बनवणे, मशीनचा प्रोग्राम लिहून तपासणे, ड्रॉइंगवरच्या शंका मिटवणे. ती वेगळी, एकरकमी धरायची. वर घेतलेले 20 आणि 40 तास ही कामे वगळून आहेत. उरलेल्या वेळेत माणूस शिकतो तो भाग कोणता आणि मशीनच्या गतीने चालणारा कोणता, हे वेगळे करा. प्रोग्राम एकदा बसला की मिलिंगचा कटर पहिल्या आणि सोळाव्या प्लेटवर त्याच फीडने फिरतो. म्हणून कर्व्ह फक्त 40 तासांना लावायचा, पूर्ण 60 ला नाही.

कर्व्हचा दर, म्हणजे नग दुप्पट झाल्यावर आधीच्या किती टक्के तास लागतात ते, आपल्या जॉब कार्डांतून काढा. मागच्या एखाद्या सारख्या ऑर्डरचे दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या नगाचे तास शोधा. समजा ते 33, 29 आणि 24.5 आहेत. 29 भागिले 33 म्हणजे 88 टक्के, 24.5 भागिले 29 म्हणजे साडेचौऱ्याऐंशी. दोन्हींच्या मधला, 85 टक्क्यांचा दर धरायला हरकत नाही. राइट यांचा 80 टक्के मात्र उसना घेऊ नका. विमानाच्या जुळणीत हातकाम प्रचंड असते. तुमच्याकडे हातकाम जेवढे कमी, तेवढा दर 90 च्या पुढे सरकतो.

मग प्रत्येक नगाचे तास मांडा. एक्सेलमध्ये A2 पासून खाली 1 ते 16 लिहा आणि शेजारी हे सूत्र ओढत न्या:

```
=40*A2^(LOG(0.85)/LOG(2))
```

दुसऱ्या नगाला 34 तास, चौथ्याला जवळपास 29, आठव्याला साडेचोवीस आणि सोळाव्याला 21 असे उतरत जाणारे आकडे येतात. सगळ्यांची बेरीज साधारण 415.

इथे एक खड्डा आहे. राइट यांच्या मूळ मांडणीत उतरते ती आतापर्यंतच्या सर्व नगांची सरासरी. वरच्या सूत्रात आपण धरला तो एकेका नगाचा वेळ. दोन्ही पद्धती वापरात आहेत, पण सूत्र दिसायला एकच. तोच 21 आकडा सोळा नगांची सरासरी समजून गुणला तर एकूण 334 तास निघतात, म्हणजे 80 तासांचा फरक. दर नगानगाच्या तासांवरून काढला असेल तर तासही नगानगाचेच मांडा.

मनुष्यतासाला 200 रुपये धरले तर हातकामाचा खर्च 1,28,000 वरून 83,000 वर आला. 415 तास म्हणजे जोडीचे 26 दिवस. इथेच पुष्कळ जण खूश होऊन ग्राहकाला महिन्याची तारीख देतात.

तारीख देण्याआधी मशीनकडे पाहा. एका पाळीत, रोज 8 तास चालणारे मशीन एका फ्रेमच्या प्लेटा अडीच दिवसांत देते. पहिल्या फ्रेमला जोडीचेही अडीच दिवसच गेले, त्यामुळे सुरुवातीला सगळे छान जुळलेले दिसते. आठव्या फ्रेमपर्यंत मात्र जोडी दीड दिवसात मोकळी होऊन पुढच्या प्लेटांची वाट पाहत बसते. सोळाव्या फ्रेमच्या प्लेटा चाळिसाव्या दिवशीच हातात येणार, म्हणजे काम संपायला एकेचाळीस दिवस. शेवटच्या फ्रेमलाही पहिलीसारखेच अडीच दिवस धरले तर साडेबेचाळीस झाले असते, म्हणजे शिकण्यामुळे मुदत जेमतेम एका दिवसाने कमी झाली! आणि जोडी रोजावर असेल तर वाट पाहण्याचे दिवसही भरतात, म्हणजे साधारण 1,24,000 रुपये. पंचेचाळीस हजारांची बचत कागदावरच राहिली.

उपाय साधा आहे. मशीनला दुसरी पाळी लावली की प्लेटा सव्वा दिवसाला एक फ्रेम या वेगाने येतात, जोडीच्या शेवटच्या वेगापेक्षा किंचित लवकर. मग सगळी ऑर्डर 27-28 दिवसांत होते. दुसऱ्या पाळीचा जादा खर्च त्या पंचेचाळीस हजारांतून वजा करून पाहा. तो परवडत नसेल तर जोडीला मधल्या वेळेचे दुसरे काम लावा; खर्च वाचेल, मुदत तीच राहील. वेल्डिंग किलोमागे ठेक्यावर दिले असेल तर हा हिशेब ठेकेदार मनातल्या मनात करतोच. वाचलेले तास त्याच्या खिशात जातात, म्हणून किलोचा दर ठरवताना पहिल्या नगाचा वेळ समोर ठेवू नका.

दुसऱ्या पाळीसह मधल्या तारखाही सरासरीने देऊ नका. पहिल्या आठ फ्रेमना हातकामाचे 15 दिवस लागतात, पुढच्या आठांना 11. निम्मा माल निम्म्या मुदतीत मागणाऱ्या ग्राहकाला हे आधीच सांगितलेले बरे.

चौथ्या नगानंतर आकडे पुन्हा मांडा. अपेक्षा 29 तासांची होती आणि लागले 33, तर 33 भागिले 40 म्हणजे 0.825. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दोन दुपटी झाल्या, म्हणून याचे वर्गमूळ घ्यायचे: 0.91. 91 टक्क्यांच्या दराने एकूण तास 496 होतात, म्हणजे पाच दिवस जास्त. हे चौथ्या फ्रेमला कळले तर ग्राहकाला फोन करता येतो. पण दर बदलण्याआधी कारण पाहा. मध्येच फिटर बदलला असेल किंवा प्लेट चुकीची कापून आली असेल, तर तो एका नगाचा अपघात आहे.

सहा महिन्यांनी तीच ऑर्डर परत आली तर मोजणी सतराव्या नगापासून सुरू करू नका. हात विसरतो, माणसेही बदललेली असतात. जोडी तीच असेल तर साधारण पाचव्या-सहाव्या नगाचा वेळ, म्हणजे 26-27 तास, पहिल्या फ्रेमला धरावा असा माझा अंदाज असतो. जोडी नवी असेल आणि जिग तेवढी शिल्लक असेल, तर पुन्हा 40 पासून.