जर्मनीत मेडिकलमध्ये गेल्यावर नेमकं काय बोलायचं: डोकं दुखतंय, पोट बिघडलंय

नवीन येणाऱ्यांना पहिलं सांगायचं म्हणजे इथे साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटात मिळत नाही. डीएम, रॉसमान अशा दुकानांत व्हिटॅमिन, हर्बल चहा, बँडेज वगैरे असतं, पण डोकेदुखीची गोळी फक्त आपोटेकंमध्ये, म्हणजे दारावर लाल ए दिसतो त्या दुकानात. आणि तिथे गोळ्या काउंटरच्या मागे असतात, आपण उचलून घ्यायच्या नाहीत, त्यामुळे तोंड उघडावंच लागतं.

आता बोलायचं काय, तर पूर्ण वाक्य जुळवत बसू नका. त्रास काय, कधीपासून, आणि ताप आहे की नाही, एवढं एका दमात सांगितलं की झालं. डोक्यासाठी: "कॉप्फश्मेर्त्सन, झाइट गेस्टर्न, काइन फीबर." डोकं दुखतंय, कालपासून, ताप नाही. दोन दिवस झाले असतील तर "झाइट त्स्वाय टागन". फार्मासिस्ट पहिल्यांदा बहुतेक हेच विचारतात, कधीपासून आणि कोणासाठी (स्वतःसाठी असेल तर "फ्यूर मिश"), मग दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का, ॲलर्जी आहे का. म्हणजे निम्मी उत्तरं तुम्ही आधीच दिलेली असतात आणि पुढचं सोपं जातं.

क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम म्हणून काही उपयोग नाही, ती नावं इथे कोणाला माहीत नसतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशी आतल्या औषधाची नावं मात्र लगेच कळतात. पॅरासिटामॉल 500 ची 20 गोळ्यांची पाकिटं असतात, त्याहून मोठं पाकीट चिठ्ठीशिवाय देत नाहीत, त्यामुळे एकदम चार पाकिटं मागू नका, उगाच प्रश्न येतात. आणि ॲसिडिटीचा त्रास असेल तर आयब्युप्रोफेन घेण्याआधी ते नक्की सांगा, कारण त्या गोळीने पोट अजून खवळतं.

खरी गडबड पोटाची होते. आपण सरळ म्हणतो पोट बिघडलंय, पण त्यात जुलाब, मळमळ, छातीत जळजळ, गॅस सगळंच येतं आणि काउंटरवर या प्रत्येकाचं औषध वेगळं. माझ्या रूममेटचं असंच झालं, पार्टीत काहीतरी खाल्लं आणि रात्रभर बाथरूमच्या चकरा, सकाळी तो दुकानात जाऊन "बाउखश्मेर्त्सन" म्हणजे पोट दुखतंय एवढंच म्हणाला, आणि त्याला पोटातल्या मुरड्यावरची गोळी मिळाली. चूक कोणाचीच नाही, त्याने मुरडाच सांगितला होता. संध्याकाळी परत गेलो तेव्हा त्याने सांगितलं, "दुर्शफाल, झाइट गेस्टर्न, काइन फीबर, काइन ब्लूट." जुलाब, कालपासून, ताप नाही, रक्त नाही. शेवटचे दोन शब्द फार कामाचे आहेत, कारण जुलाब थांबवणारी लोपेरामाइड इथे छोट्या पाकिटात चिठ्ठीशिवाय मिळते पण जोराचा ताप किंवा शौचात रक्त असेल तर ती घ्यायची नसते. त्या बाईंनी गोळी दिली, दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर असं बजावलं, आणि सोबत पाण्यात घालायची पावडर दिली, म्हणजे आपलं ओआरएसच. खरं तर आधी मागायची ती पावडर, गोळी नंतर, शरीरातलं पाणी जातं ते भरून निघणं जास्त महत्त्वाचं. शब्द आहे "एलेक्ट्रोल्यूटं".

बाकीचे तीन पाठ करून ठेवा: मळमळ "यूबलकाइट", छातीत जळजळ "झोटब्रेनन", पोट साफ होत नाही तर "फेरश्टॉप्फुंग". उच्चार थोडा हुकला तरी चालतं, आणि अगदीच जमत नसेल तर मोबाइलवर टाइप करून दाखवा, कोणी हसत नाही. मोठ्या शहरात इंग्रजीही चालतं, पण छोट्या गावात काउंटरवर कोण असेल सांगता येत नाही.

ॲंटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय कोणी देत नाही. घरी मळमळीला डोम्पेरिडोन घेत असाल तर तीही इथे चिठ्ठीवरच.

रविवारी दुकानं बंद असतात, पण प्रत्येक आपोटेकंच्या दारावर त्या दिवशी कुठलं उघडं आहे त्याचा कागद लावलेला असतो. तिथे बेल वाजवायची, खिडकीतूनच बोलायचं, आणि अडीच युरो जास्त द्यायचे. मागे लोक उभे असतात, थंडी असते, तेव्हा हे चार शब्दांचं वाक्य खूप कामी येतं. औषधाच्या पलीकडचं वाटलं, म्हणजे ताप उतरत नाही किंवा पाणीही पोटात ठरत नाही, तर डॉक्टरसाठी 116117 ला फोन करा, आणि जिवावरचं असेल तर थेट 112.